तेरीज जुळली, म्हणजे काय सिद्ध झालं?

सोसायटीची वार्षिक सभा असो, पतसंस्थेची असो की गावच्या वाचनालयाची, हिशेबावर कुणी प्रश्न विचारला की खजिनदारांकडून एक उत्तर हमखास येतं : ‘तेरीज जुळलेली आहे, एका पैशाचाही फरक नाही.’ या वाक्यानंतर बहुतेकदा चर्चा थांबते. विचारणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच हिशेबातलं कळत नाही. प्रत्यक्षात त्याचा प्रश्न जिथे होता तिथेच असतो. तेरीज, म्हणजे हिशेबनीस ज्याला ट्रायल बॅलन्स म्हणतात तो कागद, एका फार मर्यादित गोष्टीची ग्वाही देतो. ती गोष्ट कोणती आणि तिच्या पलीकडे काय काय उरतं, हे एक छोटं उदाहरण हाताने सोडवून पाहिलं की कुणालाही समजेल. त्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

तालुक्याच्या गावात १ एप्रिलला सुरू झालेलं हार्डवेअरचं एक काल्पनिक दुकान घेऊ. जीएसटीचे आकडे बाजूला ठेवू, म्हणजे मुद्दा स्वच्छ दिसेल. मालकाने स्वतःचे ५,००,००० रुपये दुकानाच्या बँक खात्यात भरले. ६०,००० चं फर्निचर चेकने घेतलं : काउंटर आणि लोखंडी रॅक. पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून २,४०,००० चा माल उधारीवर आणला आणि महिनाअखेरीस त्यातले १,००,००० त्याला दिले. महिनाभरात १,५०,००० ची विक्री झाली आणि ते पैसे थेट बँकेत आले. शिवाय दोन बांधकाम कंत्राटदारांना उधारीवर माल दिला. दोघांचंही आडनाव पाटील. स्टँडजवळच्या पाटलांना ५०,००० चा आणि नदीपलीकडच्या पाटलांना ४०,००० चा. नदीपलीकडच्यांनी आपले ४०,००० चुकते केले. दुकानाचं भाडं १५,००० आणि कामगारांचा पगार २४,००० गेला.

दुहेरी नोंद पद्धतीत यातला प्रत्येक व्यवहार दोन खात्यांवर लिहिला जातो. एका खात्यावर नावे, दुसऱ्यावर तेवढीच रक्कम जमा. भाडं दिलं की भाडं खात्याला १५,००० नावे आणि बँक खात्याला १५,००० जमा. उधारीवर माल आला की खरेदी खात्याला नावे, ठोक व्यापाऱ्याच्या खात्याला जमा. महिना संपला की खतावणीतल्या प्रत्येक खात्याची बाकी काढायची, नावे बाकी एका रकान्यात, जमा बाकी दुसऱ्यात मांडायची आणि बेरजा मारायच्या. आपल्या दुकानाची तेरीज अशी दिसेल :

| खाते | नावे | जमा |
|---|---|---|
| बँक | ४,९१,००० | |
| फर्निचर | ६०,००० | |
| खरेदी | २,४०,००० | |
| भाडे | १५,००० | |
| पगार | २४,००० | |
| पाटील (स्टँडजवळचे) | ५०,००० | |
| भांडवल | | ५,००,००० |
| विक्री | | २,४०,००० |
| ठोक व्यापारी, पुणे | | १,४०,००० |
| एकूण | ८,८०,००० | ८,८०,००० |

दोन्ही बाजू ८,८०,०००. त्या का जुळल्या? प्रत्येक नोंदीने दोन्ही बाजूंवर सारखीच रक्कम चढवली, म्हणून. नोंदी दहा असोत की दहा लाख, प्रत्येक नोंद दोन्हीकडे सारखी असेल तर सगळ्यांची मिळून बेरीजही सारखीच येणार. तेरीज एवढंच सांगते की नावे जेवढं लिहिलं तेवढंच जमा लिहिलं गेलं आणि बाक्या काढताना बेरीज-वजाबाकी चुकली नाही. जे लिहिलं ते खरं होतं का, योग्य खात्यावर होतं का, आणि जे घडलं ते सगळं लिहिलं गेलं का, यातलं काहीही तिला ठाऊक नसतं.

हाताने वह्या लिहिल्या जात होत्या तेव्हा हे मर्यादित प्रमाणपत्रही मोलाचं होतं, कारण ते सहज मिळत नसे. किर्दीतून खतावणीत आकडे उतरवताना चुका होत. पगाराचे २४,००० खतावणीत ४२,००० असे उतरले, तर नावे बाजू ८,९८,००० होते आणि जमा बाजू ८,८०,००० वरच राहते. फरक १८,०००. जुने हिशेबनीस असा फरक दिसला की आधी त्याला नऊने भागून बघत. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की पडणाऱ्या फरकाला नऊने पूर्ण भाग जातो, कारण दहाच्या जागेवरचा अंक एककाच्या जागेवर आला की त्याची किंमत स्वतःच्या नऊपटीने घटते आणि उलट दिशेने गेला की तेवढीच वाढते. १८,००० ला नऊने भागलं की २,००० येतात. म्हणजे हजाराच्या आणि दहा हजाराच्या जागेवर असे दोन अंक शोधायचे ज्यांच्यात दोनाचं अंतर आहे. चार आणि दोन. पगार खातं लगेच सापडतं. एखादं शून्य गळलं तरी हीच खूण लागू पडते. भाड्याचे १५,००० चे १,५०० झाले तर फरक १३,५०० आणि त्याला नऊने भागलं की १,५०० हीच चुकलेली रक्कम हाती येते.

रक्कम बरोबर पण बाजू चुकली, तर खूण वेगळी. भाड्याची बाकी जमा रकान्यात गेली तर नावे बाजू ८,६५,००० आणि जमा बाजू ८,९५,००० होते. फरक ३०,०००. त्याचा निम्मा करायचा आणि तेवढ्या रकमेचं खातं शोधायचं. हे हिशेब मार्च अखेरीला रात्री जागून केले जात आणि शेवटी दोन बेरजा जुळल्या की सगळं बरोबर झाल्याचं समाधान वाटे. ते समाधान कमावलेलं असे. पण तिथेच एक गैरसमज रुजला. तेरीज जुळवायला इतका घाम गाळावा लागतो, म्हणजे जुळलेली तेरीज सगळ्याचीच खात्री देत असणार, असं वाटू लागलं.

या पद्धतीचं पहिलं छापील वर्णन ज्याने केलं त्या लुका पाचोली या इटालियन संन्यासी गणितज्ञाने असा दावा केला नव्हता. त्याचा गणितावरचा मोठा ग्रंथ १४९४ मध्ये व्हेनिसला छापला गेला आणि त्यातलं एक प्रकरण व्यापाऱ्यांच्या वह्यांवर आहे. जुनी खतावणी बंद करताना सगळ्या नावे रकमांची आणि सगळ्या जमा रकमांची बेरीज करून ताडून पाहायला तो सांगतो. पण त्याआधी आणखी एक काम करायला लावतो. मदतनीसाला किर्द घेऊन बसवायचं, आपण खतावणी घ्यायची, त्याने एकेक नोंद पुकारायची, आपण ती खात्यावर शोधून खूण करायची. मगच बेरजा. नोंद योग्य खात्यावर बसली की नाही हे बेरजेतून कळणार नाही, हे त्याला माहीत होतं.

आज दुकानातल्या संगणकावर हिशेब लिहिला जातो आणि परिस्थिती मुळातून बदलली आहे. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नावे-जमा सारखी नसेल तर व्हाउचर साठवलंच जात नाही. खतावणी माणूस लिहीत नाही, बेरजाही तो मारत नाही. त्यामुळे अंक उलटे उतरणं, बाजू चुकणं, बाकी चुकीची काढणं या चुका जवळजवळ संपल्या. न जुळण्याची एक जागा तेवढी उरली. नव्याने हिशेब सुरू करताना खात्यांच्या आरंभीच्या बाक्या टाकायच्या असतात. त्या कमीजास्त पडल्या तर टॅली तेरजेच्या तळाशी `Difference in opening balances` अशी वेगळी ओळ दाखवतं. बाकी वर्षभर तेरीज जुळलेलीच असते. एप्रिलच्या पहिल्या दिवशी जुळलेली, मधल्या कुठल्याही मंगळवारी दुपारी जुळलेली. जी गोष्ट चुकूच शकत नाही ती बरोबर आहे, यातून नवं काही कळत नाही. तेरीज ज्या चुका पकडायची त्या आता यंत्र होऊच देत नाही, आणि ज्या चुका होतात त्या जवळजवळ सगळ्या तेरजेला न दिसणाऱ्या आहेत. म्हणून त्या नीट समजून घेणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

पहिली चूक आपल्या दुकानात अशी घडू शकते. ३० एप्रिलला संध्याकाळी पुण्याहून ३६,००० चा माल आला. हमालांनी पेट्या गोदामात लावल्या. ड्रायव्हरने दिलेलं बिल काउंटरच्या खणात गेलं आणि तिथेच राहिलं. व्हाउचर झालंच नाही. खरेदी खात्यावर काही चढलं नाही, व्यापाऱ्याच्या खात्यावरही नाही. दोन्ही बाजूंना सारखंच काही नाही, त्यामुळे तेरीज ८,८०,००० वर जुळलेलीच. आता दुसऱ्या दिवशी मालकाने गोदामातला माल मोजला, तो ६०,००० चा भरला. त्यात या ३६,००० च्या पेट्याही आल्या, कारण माल मोजणारा बिल बघत नाही, माल बघतो.

आता नफा काढू. विक्री २,४०,०००. खरेदी २,४०,०००, त्यातून शिल्लक माल ६०,००० वजा केला की विकलेल्या मालाची किंमत १,८०,००० येते. ढोबळ नफा ६०,०००. भाडं आणि पगाराचे ३९,००० वजा जाता निव्वळ नफा २१,०००. पहिल्याच महिन्यात २१,००० सुटले म्हणून मालक खूश. पण खणातलं बिल धरलं तर खरेदी २,७६,००० होते, विकलेल्या मालाची किंमत २,१६,०००, ढोबळ नफा २४,००० आणि निव्वळ हिशेब १५,००० च्या तोट्याचा. नफ्याचा तोटा झाला आणि तेरजेच्या बेरजेत कुठेही काही हललं नाही. दोन्ही महिन्यांच्या हद्दीवर आलेलं बिल ही हिशेबातली सर्वांत सामान्य गळती आहे. ३१ मार्चच्या आसपास ती जास्तीत जास्त होते, कारण तेव्हा माल आणि कागद दोन्हींची घाई असते.

दुसरी चूक समजुतीची. तिला तात्त्विक चूक म्हणतात. काउंटर आणि रॅकचं ६०,००० चं बिल आलं. ते एखाद्या हार्डवेअरच्याच व्यापाऱ्याकडून आलेलं होतं, वर लोखंडी सामान असं लिहिलेलं. नोंद करणाऱ्या मुलाने ते खरेदी खात्यावर टाकलं. नावे बाजूची रक्कम तीच, जमा बाजूची तीच. फर्निचर खातं कोरं, खरेदी खातं ३,००,०००, बेरीज ८,८०,०००. पण रॅक हा विकायचा माल नाही, तो पुढची अनेक वर्षं दुकानात राहणार आहे. त्याची किंमत हळूहळू घसाऱ्यातून खर्ची पडायला हवी होती. ती एका महिन्यात पूर्ण खर्ची पडली आणि २१,००० च्या नफ्याऐवजी ३९,००० चा तोटा दिसला. मालमत्तेच्या यादीत तर रॅक नाहीच.

हीच चूक उलट दिशेने, जाणूनबुजून केली की तिचं रूप बदलतं. जून २००२ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने जाहीर केलं की इतर कंपन्यांच्या तारा वापरण्यासाठी दिलेले ३८० कोटी डॉलर तिने खर्चात न धरता मालमत्ता म्हणून दाखवले होते. हा प्रकार तिच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने, सिंथिया कूपर यांच्या नेतृत्वाखाली, उघड केला. खर्च खातं आणि मालमत्ता खातं दोन्ही नावे बाजूलाच बसतात. एकातून काढून दुसऱ्यात टाकलं तर बेरजेला काहीच कळत नाही. लहान प्रमाणावर आपल्याकडे हे रोज घडतं. मालकाच्या मुलीची कॉलेजची फी दुकानाच्या खात्यातून भरली जाते आणि ती मालकाच्या उचल खात्याऐवजी किरकोळ खर्चात जाते. तिथेही तेरीज जुळते आणि दुकानाचा नफा तेवढा कमी दिसतो.

तिसरी चूक दोन पाटलांची. नदीपलीकडच्यांनी दिलेले ४०,००० स्टँडजवळच्यांच्या खात्यावर जमा झाले. येणं एकूण ५०,००० च राहिलं, तेरीज जुळली, नफाही तोच. नुकसान वेगळ्या ठिकाणी झालं. ज्यांच्याकडून ५०,००० यायचे आहेत त्यांच्या खात्यावर फक्त १०,००० दिसतात, आणि ज्यांनी सगळे पैसे दिले त्यांच्याकडे दुकानातून वसुलीसाठी फोन जातो. गिऱ्हाईक दुखावतं. आणि स्टँडजवळच्या पाटलांनी १०,००० देऊन खातं मिटवलं, तर उरलेले ४०,००० दुकान कुणाकडे मागणार?

टॅलीत पैसे दिल्याचं व्हाउचर `F5` ला आणि आल्याचं `F6` ला असतं. दोन कळा शेजारीशेजारी. नदीपलीकडच्या पाटलांची ४०,००० ची जमा चुकून `F5` वर पडली, तर पैसे आल्याऐवजी गेल्याचं दिसतं. बँक शिल्लक ४,९१,००० ऐवजी ४,११,००० होते आणि पाटलांकडे ८०,००० येणं दिसतं. फरक दुप्पट, ८०,००० चा, पण नावे बाजूची एकूण बेरीज पुन्हा ८,८०,०००. बिलाची रक्कमच २,४०,००० ऐवजी २,०४,००० टाइप झाली तर दोन्ही बाजू ८,४४,००० वर येऊन जुळतात, आणि नऊचा नियम लावायला फरकच उरत नाही. एकच बिल दोनदा चढवलं तर दोन्ही बाजू सारख्या फुगतात. दोन स्वतंत्र चुका योगायोगाने एकमेकींना फेडतात, असा आणखी एक प्रकार पाठ्यपुस्तकांत असतो. हाताने बेरजा मारायच्या काळात तो खरा होता, आता क्वचितच भेटतो.

इथवर चुका पाहिल्या. खोटेपणाकडे वळलं की तेरजेची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते, कारण खोटी नोंदही दोन बाजूंची करता येते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. याच पत्रात एका तिमाहीचा हिशेब आहे आणि तो आपल्या विषयासाठी फार बोलका आहे. जाहीर झालेलं उत्पन्न २,७०० कोटी, खरं २,११२ कोटी. फरक ५८८ कोटी. जाहीर झालेला परिचालन नफा ६४९ कोटी, खरा ६१ कोटी. फरक ५८८ कोटी. आणि त्या एका तिमाहीत बँकेतली खोटी शिल्लक किती वाढली? ५८८ कोटी. विक्री खात्याला ५८८ कोटी जमा आणि बँक खात्याला ५८८ कोटी नावे असं मांडलं की दोन्ही बाजू जुळतात. दुहेरी नोंदीचा नियम काटेकोर पाळला गेला. जे पैसे आलेच नाहीत ते आले असं लिहिलं, एवढंच.

मग ते पकडायचं कुठे? बँकेकडे. लेखापरीक्षकाने कंपनीच्या माणसांकडून मिळालेल्या कागदांवर न थांबता थेट बँकेला पत्र लिहून शिल्लक विचारायची असते आणि उत्तरही बँकेकडून थेट स्वतःकडे मागवायचं असतं. सत्यमच्या बाबतीत या कामात कसूर झाल्याचा ठपका अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०११ मध्ये लेखापरीक्षण संस्थेवर ठेवला. खतावणीच्या आत कितीही फिरलं तरी ही फसवणूक सापडली नसती. वहीतल्या आकड्याची शहानिशा वहीच्या बाहेरच्या, त्या वहीत रस नसलेल्या माणसाच्या कागदाशी करावी लागते.

आपल्या दुकानालाही हेच लागू आहे, आणि तिथे त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. बँकेचा महिन्याचा उतारा घेऊन बँक खात्यावरची एकेक नोंद त्याच्याशी ताडायची. `F5`–`F6` ची चूक तिथे लगेच उघडी पडते : बँकेच्या उताऱ्यात ८०,००० जास्त दिसतात. फरकाचा निम्मा, म्हणजे ४०,०००, करून तेवढ्या रकमेची नोंद शोधायची. तेरजेसाठी वापरायची ती जुनी युक्ती इथे आजही कामाची आहे. पाटलांचा घोटाळा दोघांनाही त्यांचा खातेउतारा पाठवला की कळतो. मात्र इथे एक खाचखळगा आहे. ज्याच्या खात्यावर ४०,००० कमी दिसतात ते पाटील तक्रार करतीलच असं नाही. तक्रार करतील ते नदीपलीकडचे. म्हणून उतारे सगळ्यांना पाठवायचे, फक्त ज्यांची वसुली करायची त्यांनाच नाही.

खणातल्या बिलासाठी आता एक सोय झाली आहे. पुण्याचा व्यापारी जीएसटीत नोंदणीकृत असेल आणि त्याने त्याच्या विवरणात ते बिल दाखवलं, तर पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होणाऱ्या `GSTR-2B` पत्रकात ते आपल्या दुकानाच्या नावावर दिसतं. ते पत्रक आणि आपलं खरेदी खातं शेजारी ठेवलं की ३६,००० चं बिल वहीत नाही हे सापडतं. मग खरेदी खात्याला ३६,००० नावे, व्यापाऱ्याला ३६,००० जमा. खरेदी २,७६,००० होते, देणं १,७६,००० होतं आणि तेरीज ९,१६,००० वर जुळते. आधीही जुळत होती, आताही जुळते. पण व्यापारी नोंदणीकृत नसेल तर हा मार्ग बंद. तिथे आवक वहीत प्रत्येक गाडीची नोंद करणं आणि महिनाअखेरीस आवक वही बिलांशी ताडणं हाच जुना उपाय.

राहता राहिली खुद्द तेरीज. ती तळाच्या बेरजेपुरती पाहून बाजूला ठेवणं हा मला तिचा सर्वांत वाईट उपयोग वाटतो. ती ओळीओळीने वाचायची असते. अनुभवी लेखापरीक्षक बेरीज बघतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ते वरून खाली एकेका खात्यावर थांबतात. रोख खात्याची बाकी जमा बाजूला आहे का? गल्ल्यात शून्याहून कमी नोटा असूच शकत नाहीत, त्यामुळे रोख खात्याची बाकी जमा दिसली की कुठली तरी आवक लिहायची राहिली आहे किंवा एखादा खर्च आधीच्या तारखेला चढवला आहे, हे निश्चित. भाड्याच्या खात्यावर बारा महिन्यांऐवजी अकरा किंवा तेरा महिन्यांची रक्कम आहे का? गेल्या वर्षीच्या तुलनेत दुरुस्ती खर्च एकदम तिप्पट झाला असेल तर त्यात एखादं नवं यंत्र लपलेलं नाही ना? फर्निचर घेतलं हे सगळ्यांना माहीत आहे आणि फर्निचर खातं तसंच आहे, तर ते बिल गेलं कुठे?

आणि एक खातं असं आहे जिथे वाचणाऱ्याने नक्की थांबावं. सस्पेन्स खातं. हाताच्या वह्यांत तेरीज जुळली नाही की उरलेला फरक तात्पुरता या खात्यावर टाकत, म्हणजे पुढचं काम अडत नसे, आणि चूक सापडली की खातं मिटवत. आता फरक पडत नाही, पण खातं टिकून आहे. बँकेत कुणाचे तरी पैसे आले, नाव कळत नाही, टाका सस्पेन्सला. चेक कशाबद्दल दिला ते आठवत नाही, टाका सस्पेन्सला. ३१ मार्चला या खात्यावर बाकी शिल्लक असेल, तर तेरीज जुळलेली असूनही तेवढ्या रकमेबद्दल हिशेब लिहिणाऱ्यालाच काही माहीत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. बाकी शून्य दिसली तरी एवढ्यावर सोडू नये. वर्षभरात त्या खात्यावर काय काय आलं आणि ते कुठल्या कागदाच्या आधारावर कुठे वळवलं, हे पाहायला हवं. दोन मोठ्या, उलट बाजूच्या अनोळखी रकमा एकमेकींत मिटवून खातं शून्य करता येतं. वार्षिक सभेत हिशेबावर एकच प्रश्न विचारायची संधी असेल, तर सस्पेन्स खात्याचा वर्षभराचा उतारा मागावा, आणि त्यासोबत ३१ मार्चच्या बँक शिलकीचं बँकेनेच दिलेलं पत्र.